विश्लेषण : फ्लॅटमधून केकचा व्यवसाय चालतो, मग ‘एअरबीएनबी’ का अडते? सोसायटी आणि महापालिकेचे नियम काय सांगतात?

रविवारी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद सुरू होतो. कुणाच्या दारात डिलिव्हरीवाल्यांची रांग लागते, कुणाच्या फ्लॅटमध्ये दर शुक्रवारी नवे चेहरे बॅगा घेऊन येतात. एक सभासद लिहितो, ‘ही निवासी इमारत आहे, इथे धंदा चालणार नाही.’ दुसरा उत्तर देतो, ‘माझा फ्लॅट, माझी मर्जी.’ नियम वाचले तर दोघांचेही म्हणणे पूर्ण खरे नाही. घरातून चालणारे काही व्यवसाय नियमांनाच मान्य आहेत, तर काहींना समितीने ना-हरकत देऊनही परवानगी मिळत नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतील फ्लॅटच्या बाबतीत ही रेषा कुठे आहे, ते पाहू.

घरातून कोणता व्यवसाय करता येतो?

याचे उत्तर सोसायटीच्या उपविधींच्या आधी शहराच्या विकास नियंत्रण नियमावलीत शोधावे लागते. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरसह राज्याच्या बहुतांश भागाला २०२० पासून एकत्रित नियमावली लागू आहे. बांधकाम क्षेत्रात तिला ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. मुंबई महापालिकेची स्वतंत्र ‘डीसीपीआर २०३४’ आहे.

यूडीसीपीआरने निवासी विभागात ‘पारंपरिक घरगुती व्यवसाय’ करण्यास मुभा दिली आहे. त्याच्या अटी मात्र बारकाईने वाचायला हव्यात. व्यवसाय त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातील व्यक्तीने करायचा, पगारी कामगार ठेवायचे नाहीत. घराचा दुसरा वापर होत असल्याचे बाहेरून दिसू नये, म्हणजे पाटी किंवा फलक नको. विकायचे ते घरात तयार झालेलेच असावे. यंत्रे घरगुती वापराची असावीत आणि मोटर वापरल्यास एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या वर जाऊ नये. लोकांना खायला-प्यायला बसवणारे ठिकाण या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे.

शिवणकाम आणि भरतकाम ही नियमातलीच उदाहरणे आहेत. ऑर्डरनुसार केक करून देणे याच चौकटीत बसू शकते. बाहेरून साड्या आणून हॉलमध्ये विकणे बसत नाही, कारण माल घरात तयार झालेला नाही. दोन मदतनीस ठेवून डबे पुरवणे बसत नाही, कारण तिथे पगारी कामगार आहेत. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांच्या घरातील कामासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. डॉक्टरने घरी रुग्ण तपासणे आणि घरात खाटा टाकून रुग्णालय चालवणे यांत नियम फरक करतो.

उद्यम आणि एफएसएसएआय नोंदणी असेल तर?

सर्वाधिक गैरसमज इथे आहे. घरून अन्नपदार्थ विकणाऱ्याला एफएसएसएआय नोंदणी लागते. ती अन्नाच्या सुरक्षिततेबाबत असते. ‘उद्यम’ नोंदणीने सूक्ष्म उद्योग म्हणून ओळख मिळते आणि जीएसटी क्रमांक कराच्या कामाचा असतो. यांपैकी एकही कागद जागेचा वापर बदलत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ नुसार इमारतीच्या वापरात ठळक बदल करणे हाही ‘विकास’ आहे आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे शहरात महापालिकेची, परवानगी लागते. त्यामुळे तक्रार झाल्यावर ‘माझ्याकडे सगळी लायसन्स आहेत’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

वीजमीटर काय सांगतो?

बऱ्याच प्रकरणांत तक्रारीआधी मीटरच बोलतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्यांना घरगुती दराची सवलत आहे. त्यासाठी वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असावा लागतो. आर्थिक वर्ष संपल्यावर पात्रता तपासली जाते.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका २ बीएचके फ्लॅटमध्ये घराचा वापर महिन्याला १५० युनिट आहे. केकसाठी एक ओव्हन रोज चार तास, महिन्यात २५ दिवस चालतो. थर्मोस्टॅटमुळे ओव्हन मधूनमधून बंद होतो, म्हणून तासाला सरासरी १.२ युनिट धरू. ओव्हनचे १२० युनिट होतात. एकूण महिन्याला २७० आणि वर्षाला ३,२४० युनिट. घरगुती दर टिकतो. ऑर्डर वाढल्या आणि तेवढाच चालणारा दुसरा ओव्हन आला, की महिन्याचा वापर ३९० आणि वर्षाचा ४,६८० युनिट होतो. आता घरगुती दराची पात्रता गेली.

अशा वेळी वीज कंपनीकडे स्वतःहून दरगट बदलून घेणे स्वस्त पडते. तपासणीत वापर उघड झाला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली ‘अनधिकृत वापर’ म्हणून आकारणी होऊ शकते. ती लागू दराच्या दुप्पट असते आणि वापर कधीपासून सुरू झाला हे ठरवता आले नाही, तर मागील १२ महिन्यांसाठी धरली जाते.

‘एअरबीएनबी’च्या बाबतीत नियम कुठे अडखळतात?

फ्लॅट भाड्याने देण्यास सोसायटी मनाई करू शकत नाही. आदर्श उपविधी क्रमांक ४३ नुसार सभासदाने आठ दिवस आधी समितीला कळवायचे, लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची आणि पोलीस ठाण्याला माहिती द्यायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

ही पद्धत ११ महिन्यांच्या भाडेकरूला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. ती दोन रात्रींच्या पाहुण्याला लावून पाहा. समजा, रात्रीचे भाडे ३,००० रुपये आहे. दोन रात्रींचे ६,००० रुपये मिळतात. शहरी भागात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी फीच १,००० रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळे. महिन्यात आठ पाहुणे आले तर आठ करार, आठ पोलीस सूचना आणि प्रत्येक वेळी आठ दिवसांची आगाऊ माहिती. पाहुण्याने गुरुवारी रात्री बुकिंग करून शुक्रवारी सकाळी यायचे असेल, तर ही अट पाळताच येत नाही.

यावर मालकांचा युक्तिवाद असतो की दोन रात्रींचा माणूस भाडेकरू नाही, तो फक्त पाहुणा आहे. पण तो भाडेकरू नसेल आणि पैसे देऊन मुक्काम करत असेल, तर तो लॉजचा ग्राहक ठरतो. मग प्रश्न भाड्याचा राहत नाही, निवासी फ्लॅटमध्ये लॉज चालवल्याचा होतो. निवासी विभागात लॉजिंगला परवानगी देताना रस्त्याची रुंदी, स्वतंत्र प्रवेश, अग्निसुरक्षा असे निकष येतात. सोसायटीतील तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला ते पूर्ण करणे अवघड आहे. म्हणजे मालकाने कोणतीही बाजू घेतली तरी एक नियम आडवा येतोच.

मालक त्याच घरात राहत असेल, तर चित्र वेगळे असते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालकाने कुटुंबासह तिथे राहावे आणि एक ते सहा खोल्या पाहुण्यांना द्याव्यात, अशी रचना आहे. घर रिकामे ठेवून फक्त चावी देण्याचा प्रकार त्यात बसत नाही. गोव्यात तर अशा मुक्कामांची नोंदणी पर्यटन व्यापार नोंदणी कायदा, १९८२ खाली पर्यटन खात्याकडे करावी लागते. पाहुणा परदेशी असेल, तर कुठेही २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते.

सोसायटी काय करू शकते आणि काय नाही?

फ्लॅट भाड्याने दिल्यास सोसायटी बिगर-भोगवटा शुल्क घेऊ शकते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ही मर्यादा ग्राह्य धरली. देखभालीचे बिल ३,००० रुपये आणि त्यातले सेवाशुल्क १,८०० रुपये असेल, तर हे शुल्क जास्तीत जास्त १८० रुपये होते. ‘एअरबीएनबी लावले म्हणून महिन्याला पाच हजार’ असा ठराव सर्वसाधारण सभेने एकमताने केला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही.

तसेच पाणी तोडणे, लिफ्ट बंद करणे किंवा सुरक्षारक्षकाकरवी पाहुण्याला फाटकावर अडवणे हे समितीचे अधिकार नाहीत. समितीने नोटीस द्यावी, सभासदाचे म्हणणे ऐकावे आणि उपविधींचा भंग दिसल्यास त्यानुसार कारवाई करावी. वाद मिटला नाही, तर सहकार न्यायालयाचा मार्ग आहे. वापर बदलला असेल, तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे तक्रार करता येते. प्रत्येक नोंद तारखेसह ठेवणाऱ्या समितीचे म्हणणे तिथे टिकते. ‘त्रास होतो’ एवढेच लिहिलेल्या पत्राला फारसे वजन राहत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी काय तपासावे?

आधी भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा पाहावा. फ्लॅटची नोंद ‘निवासी’ आहे का, हे तिथे कळते. मग आपला व्यवसाय वर दिलेल्या अटींत बसतो का, हे एकेक अट घेऊन ताडून पाहावे. पगारी माणूस, बाहेरचा माल किंवा दारावरची पाटी यांपैकी काहीही असेल, तर जागा बदलण्याचा विचार करणे योग्य. मागील १२ महिन्यांची वीजबिले काढून युनिटची बेरीज करावी. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. फ्लॅट भाड्याने दिल्यावर ती राहत नाही, हा खर्चही हिशेबात धरावा.

भाड्याचे उत्पन्न हवे असेल, तर सध्याच्या नियमांत सर्वांत निर्धोक मार्ग महिन्यांच्या हिशेबातील नोंदणीकृत कराराचाच आहे. नोकरीनिमित्त किंवा उपचारांसाठी दोन-तीन महिने राहणाऱ्यांना फ्लॅट दिला, तर आठ दिवसांची सूचना, नोंदणी आणि पोलिसांना माहिती हे तिन्ही पाळता येते. मग समितीलाही हरकत घेण्यास आधार उरत नाही. अल्पमुदतीच्या मुक्कामासाठी निवासी फ्लॅटला स्वतंत्र, सोपी नोंदणी द्यायची की नाही, हा निर्णय राज्य सरकारच घेऊ शकते. तो होईपर्यंत ‘माझा फ्लॅट, माझी मर्जी’ म्हणणाऱ्या मालकाकडे त्या मर्जीला आधार देणारा कागद नसतो.