गोष्ट पटली म्हणून शक्यता वाढत नाही

आधी एक प्रश्न. दिवाळीची सुट्टी संपली, पण वर्गातली एक मुलगी आलेली नाही. खालीलपैकी जास्त शक्य काय वाटतं?

(अ) ती महिनाभर शाळेत येणार नाही.
(ब) ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आहे आणि महिनाभर शाळेत येणार नाही.

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी मी हा प्रश्न टाकला, तर बहुतेकांनी (ब) म्हटलं. पण (ब) खरं असेल तेव्हा (अ) खरं असतंच. आजारी पडलेली, मामाच्या गावी राहिलेली, अशा सगळ्या मुलीही (अ) मध्ये येतात. मग (ब) ची शक्यता जास्त कशी असेल?

ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९८३ मध्ये मांडलेलं 'लिंडा'चं उदाहरण असंच आहे. लिंडा ३१ वर्षांची, हुशार, स्पष्टवक्ती, भेदभावाच्या प्रश्नांबद्दल तळमळ असलेली. ती बँकेत कारकून असेल, की बँकेत कारकून आणि स्त्रीवादी चळवळीत सक्रिय? १४२ विद्यार्थ्यांपैकी ८५ टक्क्यांनी दुसरं निवडलं. कोणी म्हणेल, नुसतं 'कारकून' म्हणजे 'चळवळीत नसलेली' असं त्यांनी वाचलं असेल. म्हणून 'चळवळीत असो वा नसो' असं स्पष्ट लिहून पाहिलं, तरी निम्म्याहून जास्त चुकलेच.

माझ्या मते गडबड अशी होते: आपल्याला विचारलेलं असतं एक, आणि आपण उत्तर देतो दुसऱ्याच प्रश्नाचं. 'ऊसतोडीला गेली तर शाळा बुडेल का?' याचं उत्तर हो, बुडेलच. पण ती गेलीच आहे का, हा वेगळा प्रश्न. कारण जोडलं की गोष्ट पटते, आणि पटणं हेच आपण शक्यता समजून बसतो.

वर्गात हे टक्क्यांनी सांगू नका, मोजून दाखवा. समजा अशा १०० मुली आहेत. त्यातल्या ३० महिनाभर आल्या नाहीत. त्या ३० पैकी २० ऊसतोडीला गेल्या. हे २० त्या ३० मधूनच काढलेत. फार तर सगळ्या ३० गेल्या असतील, ३१ नाही. प्रश्न असा संख्येत विचारला की मोठ्यांचीही चूक बरीच कमी होते.

हे मला आधी कळायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलीबद्दल मी असंच ठरवून टाकलं होतं. आमच्या भागात दिवाळीनंतर पट उतरतोच, त्यामुळे शंकाही आली नाही, घरी गेले नाही. तीन आठवड्यांनी आठवडी बाजारात ती दिसली, कडेवर लहान भाऊ. आईचं बाळंतपण झालं होतं, घर गावातच, शाळेपासून दहा मिनिटांवर. "बाई, तुम्ही आलाच नाहीत," एवढंच म्हणाली.