बुद्धिवादी खलिफाची श्रद्धापरीक्षा

इस्लामी इतिहासातील मुतझिला पंथास विचारस्वातंत्र्याचे आद्य पुरस्कर्ते म्हणून गौरविण्याची चाल आमच्या सुशिक्षितांत बरीच रूढ आहे. हा पंथ बुद्धिवादी होता हे आम्हांस मान्य आहे. स्वातंत्र्यवादी होता हे मात्र मान्य करवत नाही.

वाद होता तो कुराण निर्मित की अनादी, हा. मीमांसकांनी वेद नित्य मानावा आणि नैयायिकांनी तो ईश्वरकृत ठरवावा, हा कलह ज्यांस ठाऊक आहे त्यांस यातील मर्म सांगावयास नको. ईश्वराजोडीस दुसरे काही अनादी मानल्यास एकेश्वरत्वास बाध येतो, असे मुतझिलांचे म्हणणे. त्यात तर्क आहे खराच. परंतु इ. स. 833 मध्ये खलिफा मामून याने हा तर्क बगदादचा अधिकारी इसहाक इब्न इब्राहिम याच्या हाती दिला. काझींची परीक्षा घ्यावी, काझींनी साक्षीदारांची घ्यावी, आणि कुराण निर्मित न मानणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरू नये, अशी आज्ञा सुटली. ज्याची साक्ष न्यायालयात चालेनाशी झाली त्याची समाजातील पतही गेलीच.

पूर्वी काझी असलेल्या बिश्र इब्न अल्-वलीद याची उलटतपासणी पाहण्याजोगी आहे. कुराण ही ईश्वराची वाणी, एवढेच तो सांगे. ते विचारलेच नाही, निर्मित आहे की नाही ते सांग, असा अधिकाऱ्याचा आग्रह. ईश्वर सर्व वस्तूंचा निर्माता आहे, हे बिश्रने कबूल केले. कुराण ही वस्तू आहे, हेही केले. पण पुढचे पाऊल टाकण्याऐवजी ते निर्माता नव्हे, एवढेच म्हणून तो थांबला. येथवर शास्त्रार्थ झाला म्हणावे, तर मामूनचे उत्तर आले की, हट्ट न सोडील तर त्याचा शिरच्छेद करावा! बिश्र अर्थातच वळला. यास कोणी युक्तिवादाचा विजय म्हणत असेल तर आमचा नाइलाज आहे.

शेवटी अहमद इब्न हनबल व मुहम्मद इब्न नूह हे दोघेच अढळ राहिले. बेड्या घालून त्यांस खलिफाकडे धाडले. वाटेतच मामून वारला, परतताना इब्न नूहही. अहमदास पुढे मुतसिमच्या समक्ष फटके खावे लागले. त्याची मते आमची नव्हेत, तरी त्या दिवशी बुद्धीची प्रतिष्ठा फटके मारविणाऱ्यापेक्षा खाणाऱ्याने अधिक राखली, असे आम्ही म्हणतो. परंपरावादीही पुढे सौम्य राहिले असे नव्हे: 1017 मध्ये खलिफा कादिरने मुतझिली पंडितांकडून मतत्याग लिहून घेतला. हत्यार तेच, हात दुसरा.

आणि वासिकच्या राज्यातील 845 सालचा प्रसंग? लामोस नदीवर रोमी लोकांशी कैद्यांची अदलाबदल चालली होती. वर्षानुवर्षे परक्यांच्या बंदीत खितपत पडलेल्या मुसलमानांस तेथेही तोच प्रश्न विचारण्यात आला. ज्यांनी अपेक्षित उत्तर दिले नाही, त्यांस न सोडविता शत्रूच्या हाती तसेच ठेवण्यात आले.