छापखान्यातली माया

पहूरच्या एका भगिनीने विचारले आहे : "आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाचे पोस्टर प्रथमच छापून घेत आहोत. प्रेसने तपासायला पाठवलेल्या नमुन्यावर 'ब्लीड ३ मिमी नाही' असा शेरा आहे. म्हणजे रंग फुटणार का?"

नाही हो, रंग फुटण्याशी याचा काही संबंध नाही. ब्लाउज बेतताना तुम्ही शिवणीसाठी माया सोडता ना, तशी ही कागदावरची माया. फरक इतकाच, की कापडातली माया आत दडते आणि ही मात्र कापून टाकतात.

तुमचे पोस्टर ए-थ्री आकाराचे, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. ते मोठ्या कागदावर छापून मग गठ्ठ्याने कटिंग मशीनखाली जाते. गठ्ठ्यातले कागद थोडेफार सरकतातच, त्यामुळे पाते एखादा मिलिमीटर इकडेतिकडे पडते. तुमची हळदी रंगाची जमीन नेमकी कापायच्या रेघेवर संपली असेल, तर पाते जरा बाहेर पडताच कडेला पांढरी चिरी दिसते. गडद रंगावर तर ती फारच डोळ्यांत खुपते. म्हणून रंग चारी बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर न्यायचा. फाइलचा आकार होईल ३०३ बाय ४२६, आणि हातात येणारे पोस्टर मात्र २९७ बाय ४२०च!

आता कित्येकजणी काय करतात, तर सबंध चित्रच ओढून मोठे करतात. तसे करू नका. त्याने अक्षरेही कडेकडे सरकतात आणि चेहरे किंचित रुंदावतात. फक्त जमिनीचा रंग किंवा कडेला टेकलेला फोटो तेवढा वाढवायचा. फोटो मुळातच कडेपाशी संपत असेल, तर तो प्रमाणात थोडा मोठा करून घ्यावा.

नमुना पुन्हा आला, की कोपऱ्यांतल्या बारीक रेघा पाहा. तिथून कापणार. त्या रेघांच्या बाहेर रंग दिसला पाहिजे, पण तारीख, वेळ, मंडळाचे नाव यांतले काहीही नको. अक्षरे कापाच्या रेघेपासून निदान सेंटिमीटरभर आत असू द्या.

आणि ती नाजूक वेलबुट्टीची चौकट! कडेपासून ३ मिलिमीटरवर चौकट असली आणि पाते एकाने सरकले, तर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार उरतात. चौकट वाकडी वाटते. ती चांगली दीड सेंटिमीटर आत घ्या, म्हणजे तेवढा फरक लक्षात येत नाही. मला विचाराल तर काढूनच टाका.

जमीन पांढरी ठेवून कडेला काहीच टेकवले नाही, तर ब्लीडची गरजच पडत नाही. घरच्या प्रिंटरवर दोन-चार प्रती काढायच्या असतील तर हेच सोयीचे, कारण बहुतेक घरगुती प्रिंटर कडेपर्यंत छापत नाहीत.