अकरा वर्षांनंतरच्या चार ओळी

माझ्या परिचयातील एक गृहस्थ तरुणपणी सांगलीच्या हळद बाजारात एका अडत दुकानी नोकरीस होते. तेथे वयाने वडील असलेले एक सहकारी होते. सारे त्यांना ‘अण्णा’ म्हणत. पुढे गृहस्थांनी स्वतःचे दुकान थाटले, अण्णा मुलाकडे हुबळीस गेले. भांडण काहीच नव्हते, तरी अकरा वर्षे एका शब्दाची देवघेव झाली नाही.

अलीकडे अण्णांचा क्रमांक मिळाला, तेव्हा गृहस्थांनी लांबलचक मजकूर लिहून मला दाखविला. आरंभी क्षमायाचना, मध्ये अकरा वर्षांचा वृत्तांत, शेवटी ‘फोन अवश्य करा’. मी म्हटले, हे पाठवू नका. आपण क्षमा मागितली की समोरच्यालाही आपल्या मौनाचा हिशेब द्यावासा वाटतो, आणि हिशेब अवघड वाटला की उत्तर लांबणीवर पडते. ‘आम्हाला विसरलात वाटते’ ही थट्टाही तशीच. तिच्यात तक्रार दडलेली असते. दिवाळीचे आयते शुभेच्छाचित्र पाठवावे, तर ते शंभरांत एक होऊन जाते.

अखेर नाव आणि दुकानाची ओळख सांगून त्यांनी एवढेच लिहिले: ‘अण्णा, नमस्कार. आज दुकानात एकाने हळकुंड मोडले आणि तुमची आठवण झाली. मोडताना आवाज ऐकावा, हे तुम्हीच शिकवलेत. अजून तसेच पाहतो. काही काम नाही, सहज लिहिले. उत्तराची घाई नाही.’

यात आठवण अशी आहे, जी दुसऱ्या कोणास पाठविता येणार नाही. आजच का लिहिले, तेही कळते. उत्तर द्यावेच लागेल असा प्रश्न मात्र एकही नाही. अमेरिकेत पेगी लिउ व सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की, अशा अनपेक्षित विचारपुशीचे समोरच्याला किती अप्रूप वाटते, याचा अंदाज पाठविणारा कमीच करतो.

मात्र ‘काही काम नाही’ हे खरे असेल तरच लिहावे. पंधरा दिवसांनी उधारीची किंवा ओळखीची गोष्ट काढली, तर पहिला संदेशही खोटा ठरतो. काम असल्यास ते आरंभीच सांगावे. आणि ताटातूट पैशांच्या वादातून झाली असेल, तर हा हलका सूर समोरच्यास झोंबेल. तेथे मूळ गोष्टीचाच उल्लेख करावा लागतो.

संदेशापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. गृहस्थ अस्वस्थ झाले, ‘मिळाला ना?’ असे विचारू पाहत होते. मी थांबविले. आठव्या दिवशी अण्णांनी लिहिले: ‘आवाज आता मलाच कमी येतो. रंगावरून ओळखतो.’

गृहस्थांनी लगेच फोन लावला नाही. तेवढ्याच दोन ओळींचे उत्तर धाडले. फोन पुढच्या महिन्यात अण्णांचाच आला.