हळदीचा भाव जागेवरच, तरी वायद्यात तोटा कसा?

पुसेगाव (ता. सेनगाव) : घरात हळद नसली तरी एनसीडीईएक्सवर हळदीचा वायदा घेता येतो. पण वायद्याला मुदत असते. तेजी धरून बसायचं तर मुदतीआधी जवळचा वायदा विकून पुढच्या महिन्याचा घ्यावा लागतो. मेख इथेच आहे.

समजा, जवळचा वायदा क्विंटलला 14,000 रुपये आणि पुढचा 14,200 आहे. पुढचा महाग, म्हणजे कॉन्टँगो. साठवणुकीचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज त्यात धरलेलं असतं. बाजारात हळद 14,000 वरच राहिली, तर मुदत संपेपर्यंत हा वायदाही तिथंच उतरतो. 50 क्विंटलच्या लॉटवर 10,000 रुपये गेले!

आवक कमी आणि माल आजच हवा असेल, तर उलट घडतं. पुढचा वायदा 13,800 ला मिळतो, हे बॅकवर्डेशन. भाव जागेवर राहिला तरी तो 14,000 पर्यंत चढतो आणि तेवढेच 10,000 हाती येतात. भावच कोसळला, तर मात्र हा फायदा पुरत नाही.

हळद राखून वायदा विकणाऱ्या शेतकऱ्याचं गणित उलटं. कॉन्टँगोतले 200 त्याला मिळतात, पण गोदामभाडं त्यातूनच जातं. म्हणून दोन्ही महिन्यांचे भाव शेजारी ठेवूनच बघावेत.