भात बंद केला, तरी साखर का चढली?

मधुमेह निघाला की घरात पहिली गदा येते ती भातावर. सल्ल्यासाठी येणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "भाताला हातही लावत नाही हो आता. रोज रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि पिठलं. तरी जेवणानंतरची साखर आधीपेक्षा जास्तच येते." त्यांनी कुठलंही पथ्य मोडलं नव्हतं. कुणीतरी पाठवलेल्या तक्त्यात भाताचा ग्लायसेमिक इंडेक्स जास्त आणि ज्वारीचा कमी दिला होता, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. असे तक्ते आज घराघरात आहेत. ते फेकून देऊ नका, पण त्यांतला आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे एकदा नीट समजून घ्या.

ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना १९८१ साली टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्याची चाचणी अशी होते. साधारण दहा निरोगी माणसांना रात्रभराच्या उपासानंतर एकच पदार्थ खायला देतात, आणि तोही ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील एवढा. मग दोन तास थोड्या थोड्या वेळाने रक्त तपासून साखर किती चढली ते मोजतात. त्याच माणसांना दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज पाजलं की जी चढ येते ती १०० धरायची, आणि तिच्या तुलनेत त्या पदार्थाची चढ किती, त्याची सरासरी म्हणजे हा इंडेक्स. ५५ पर्यंत कमी, ७० आणि त्यापुढे जास्त.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. इंडेक्स ताटातल्या वाढपाचा नसतो, तो ५० ग्रॅम कर्बोदकांचा असतो. कलिंगडाचा इंडेक्स सत्तरीच्या पुढे निघालेला आहे, पण तेवढी कर्बोदकं मिळवायला पाऊण किलोच्या आसपास कलिंगड खावं लागेल. आपण बशीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम खातो, आणि त्यात दहाएक ग्रॅमच कर्बोदकं असतात. म्हणून दुसरा आकडा आला, ग्लायसेमिक लोड. खाल्लेल्या कर्बोदकांचे ग्रॅम गुणिले इंडेक्स, भागिले शंभर. कलिंगडाच्या बशीचा लोड सात-आठ. दहापर्यंत कमी समजतात, वीस आणि पुढे जास्त.

आता काकूंच्या ताटाकडे येऊ. त्यांना मी घरचा काटा घेऊन एका भाकरीचं पीठ मोजायला सांगितलं, कारण भाकरी ही घरागणिक वेगळी असते. त्यांची भाकरी ६० ग्रॅम पिठाची भरली. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात तंतू वगळून ६८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे एका भाकरीत चाळीस, दोन भाकऱ्यांत ऐंशी. आधी त्या रात्री वाटीभर भात खात होत्या. त्याला ५० ग्रॅम कच्चा तांदूळ लागतो, आणि त्यात ३९ ग्रॅम कर्बोदकं. भाताला चढाच आकडा लावू. सुरती कोलम तांदळाचा इंडेक्स चेन्नईत झालेल्या चाचणीत ७७ आला होता. लोड झाला ३०. ज्वारीच्या भाकरीचे आकडे चाचणीगणिक पन्नाशीपासून सत्तरीच्या पुढेपर्यंत मिळतात. तिला सगळ्यांत सोयीचा ५० लावला, तरी दोन भाकऱ्यांचा लोड ४० होतो.

म्हणजे धान्य बदललं आणि कर्बोदकं दुप्पट झाली. त्यात पिठलंही बेसनाचं, त्याची कर्बोदकं वेगळी. एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पालेभाजी घेतली असती, तर भाकरीचा लोड वीसवर आला असता आणि पोटही भरलं असतं. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की "ज्वारी चालते का, तांदूळ चालतो का" हे विचारायच्या आधी किती खाता ते मोजा. एकदा मोजलं की हाताला अंदाज बसतो, रोज काटा काढावा लागत नाही.

पण लोडचा हिशेब चोख केला, तरी मीटरवर काय येईल ते त्यावरून फक्त ढोबळमानानेच कळतं. तक्त्यातला पदार्थ एकटा खाल्लेला असतो. आपण त्याबरोबर आमटी, तेल, दही, शेंगदाण्याची चटणी खातो. प्रथिनांमुळे आणि स्निग्ध पदार्थांमुळे जठर हळू रिकामं होतं आणि चढ लांबते. कधी कधी तेलकट जेवणानंतर दोन तासांची साखर चांगली दिसते आणि खरी चढ त्यानंतर येते. भाजी-उसळ आधी खाऊन भाकरी शेवटी खाल्ली, तर त्याच ताटाची चढ बऱ्याच जणांत कमी येते. त्यातून माणूस तोच, पदार्थ तोच, तरी उत्तर बदलतं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाने २०१६ साली ६३ निरोगी लोकांना तोच पांढरा ब्रेड पुन्हा पुन्हा देऊन पाहिलं. सरासरी इंडेक्स ६२ आला, पण एकाच माणसात तो सुमारे वीस टक्के आणि माणसामाणसांत पंचवीस टक्के हलत होता. अपुरी झोप, सर्दी-ताप, ताण, औषधाची चुकलेली वेळ, जेवणानंतरची शतपावली, सगळ्याचा त्यात हात असतो.

शिवाय मीटरचीही मर्यादा आहे. चांगल्या ग्लुकोमीटरलाही शंभराच्या पुढच्या आकड्यात पंधरा टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते. खरी साखर १६० असेल तर पट्टीवर १३६ किंवा १८४ दिसू शकते. आंबा कापलेल्या बोटाने तपासलं तर त्याहूनही भलतं काही दिसेल. हात साबणाने धुऊन कोरडे करा.

तेव्हा एका आकड्यावरून कुठल्याही धान्याला दोष देऊ नका. ज्या पदार्थाबद्दल शंका आहे तेवढ्यापुरतीच, कारण पट्ट्या स्वस्त नाहीत, अशी परीक्षा घ्या. जेवणाची वेळ तीच ठेवा, सकाळची तुलना रात्रीशी करू नका. जेवायच्या आधी एकदा तपासा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. वजाबाकी लिहून ठेवा. जेवायच्या आधीच १७० असेल आणि नंतर २१० आली, तर जेवणाने चाळीसच वाढवली. तिथे आधीच्या १७० बद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं, भाकरी बदलून ते सुटणार नाही.

प्रत्येक ताट तीन वेगवेगळ्या दिवशी तपासा. समजा दोन भाकऱ्यांना वाढ ८५, ६०, ७८ आली आणि भाताला ५०, ७२, ५८. सरासरीत भात बरा दिसतो, पण दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळले आहेत, म्हणून निकाल लावायची घाई नको. एका भाकरीला ३५, ४८, ४० आले, तर मात्र तो फरक दोन भाकऱ्यांपासून स्वच्छ वेगळा दिसतो, आणि त्यावर भरवसा ठेवता येतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर भाकरी निम्मी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोस जुन्या ताटाला बसवलेला असतो, आणि ताट आटलं की साखर खाली घसरू शकते. घाम सुटला, हात थरथरले, गरगरलं तर लगेच तपासा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. तपासायची सोय जवळ नसेल, तरी साखर आधी घ्या.