पीसीओएस : एलडीएलवर थांबू नका

पाळी अनियमित असलेली वाशिंदची एखादी मुलगी तपासणीला येते. समजा, एकूण कोलेस्टेरॉल १९०, एलडीएल ११२. घरचे निश्चिंत! पण त्याच कागदावर ट्रायग्लिसराइड २१० आणि एचडीएल ३६ असते. पीसीओएसमधली नेहमीची जोडी हीच. इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून यकृत जादा ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते आणि संरक्षक एचडीएल घटते. एकूणातून एचडीएल वजा केल्यास उरतात १५४. ते १३० च्या आत हवेत.

वजन ७० किलो असेल तर साडेतीन किलो उतरले तरी फरक पडतो. भात निम्मा करा, गोड चहा सोडा, रोज अर्धा तास भरभर चाला. मेटफॉर्मिन इन्सुलिनला मदत करते, चरबी फारशी हलवत नाही. पाळी नियमित करणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनी तर ट्रायग्लिसराइड वाढू शकते. स्टॅटिन मोजक्याच जणींना, आणि मूल हवे असेल तर नकोच.